आठ तासांचे पाच झाले, तर अकरा वर्षांचं काय?

प्रश्न: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्समध्ये ११ वर्षं पूर्णवेळ आहे. बेसिक आणि डीए मिळून २४,०००, एचआरए ६,०००, वाहतूक भत्ता २,०००, असा ३२,००० पगार आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, म्हणून पुढच्या महिन्यापासून ९ ते ५.३० ऐवजी ९ ते २ अशी ड्यूटी मागितली आहे. एचआरवाले म्हणतात, "करू या, सगळं प्रमाणात कमी होईल." सगळं म्हणजे नक्की काय काय? पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, सगळंच?

उत्तर:

सगळं नाही, ताई. पगार प्रमाणात कमी होईल, ते रास्तच आहे. रजेचे दिवस तेवढेच राहतील. पीएफ कदाचित एक रुपयानेही हलणार नाही. ग्रॅच्युइटी मात्र आत्ताच कागदावर काही लिहून घेतलं नाही, तर मागच्या ११ वर्षांचीसुद्धा कमी होईल. "प्रमाणात" हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो, पण ग्रॅच्युइटीला तो लागूच होत नाही. पणजीत बसून गेली पंचवीस वर्षं मी कारखान्यांची आणि हॉटेलांची पगारपत्रकं करतोय. अर्धवेळ होणाऱ्या माणसाचं सर्वांत मोठं नुकसान याच ठिकाणी होताना पाहिलं आहे, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

आधी प्रमाण ठरवू. ते तासांवरून काढायचं, आणि दोन्हीकडे कामाचेच तास धरायचे. ९ ते ५.३० म्हणजे घड्याळाने साडेआठ तास, पण त्यात अर्धा तास जेवणाचा. म्हणजे काम आठ तास, सहा दिवसांचे ४८. नवीन ड्यूटी ९ ते २, सलग पाच तास. त्यात जेवणाची सुट्टी नाही, म्हणून आठवड्याचे ३०. प्रमाण झालं ५/८, म्हणजे ६२.५ टक्के. संगणकात ड्यूटीची वेळ जशीच्या तशी भरणारे लोक पाचाला साडेआठाने भागतात. मग प्रमाण येतं ५८.८ टक्के. तुमच्या बेसिक, डीए आणि एचआरएच्या ३०,००० वर हा फरक महिन्याला सुमारे १,१०० रुपयांचा आहे. दर महिन्याला १,१०० रुपये, आणि स्लिपवर त्याचं कारण कुठेच दिसत नाही. म्हणून पत्रात "आठवड्याला ४८ ऐवजी ३० तास" असं स्पष्ट लिहून घ्या.

या प्रमाणाने बेसिक आणि डीए २४,००० चे १५,००० होतात, एचआरए ६,००० चा ३,७५०. वाहतूक भत्त्याचं वेगळं आहे. तुम्ही आठवड्याचे सहाही दिवस जाणार. पाच तासांसाठी गेलात म्हणून कदंबची बस तिकिटाचे पैसे कमी घेत नाही. दिवस कमी झाले असते तर भत्ता कापणं समजू शकलो असतो, पण इथे तो २,०००च राहायला हवा. कायदा याबाबत काही सांगत नाही, तो तुम्ही आणि कंपनीने ठरवायचा विषय आहे. पण मागितलंत तर बहुतेक ठिकाणी मान्य होतं, कारण युक्तिवाद सरळ आहे. तसं झालं तर हातात येण्याआधीचा पगार २०,७५० होईल, नाहीतर २०,०००.

बदल १ तारखेपासूनच करा. महिन्याच्या मध्ये केलात तर पगारपत्रकात दोन तुकडे पडतात, आणि एक तुकडा कॅलेंडरच्या दिवसांनी व दुसरा कामाच्या दिवसांनी मोजण्याची चूक हमखास होते. दोन्हींना एकच भाजक लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट तुमच्या खात्याशी जोडलेली आहे. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या हिशेबाला तुम्हाला दोनला कोणी उठू देणार नाही. पाच ते आठ यांमधल्या जादा तासांना कायद्याचा दुप्पट ओव्हरटाइम लागत नाही, कारण तो पूर्ण दिवसाची मर्यादा ओलांडल्यावर सुरू होतो. पण म्हणून ते तास फुकटही नाहीत. ३०,००० ला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागलं तर तासाचा दर १४४ रुपये येतो. सहावा, सातवा, आठवा तास किमान या दराने मिळेल, हे पत्रात असू दे. नाहीतर तुमची ड्यूटी हळूहळू पुन्हा आठ तासांची होईल आणि पगार पाचाचाच राहील.

आता रजा. तुम्ही रोज कामावर जाणार असल्याने रजेचे दिवस तेवढेच साठत राहतील. फक्त एक दिवस रजा म्हणजे पाच तासांची रजा. नव्या रजेपुरतं हे बरोबर आहे. अडचण जुन्या शिलकीची आहे. समजा तुमच्या खात्यात २४ दिवस साठलेले आहेत. ते तुम्ही आठ-आठ तास काम करून कमावले. कंपनीने ते तसेच "२४ दिवस" म्हणून पुढे ओढले आणि उद्या नोकरी सोडताना नव्या पगारावर रोखीत दिले, तर २४,००० च्या हिशेबाने जे २२,१५४ रुपये मिळायचे ते १५,००० च्या हिशेबाने १३,८४६ होतील. उपाय सोपा आहे. बदलाच्या आदल्या दिवशी ही शिल्लक तासांत मांडा. २४ दिवसांचे १९२ तास, आणि नव्या दिवसाने मोजले तर ३८ दिवसांहून थोडे जास्त. एचआरला हे पटत नसेल तर जुनी शिलकी रजा आजच्या दराने आत्ताच रोखीत मागा.

पीएफसाठी तुमची स्लिप काढा आणि सध्या किती कापतात ते बघा. १,८०० कापत असतील तर कंपनी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरते. नवे बेसिक आणि डीए बरोबर १५,००० आहेत, म्हणजे काहीच बदलणार नाही. २,८८० कापत असतील तर पूर्ण २४,००० वर भरते, आणि ते १,८०० होईल. कंपनीचा हिस्साही तेवढाच घटेल. पेन्शनच्या खात्यात जाणारे १,२५० रुपये दोन्ही परिस्थितींत तेच राहतात. तुम्ही पाचऐवजी चार तास मागितले असते तर बेसिक आणि डीए १२,००० वर आले असते, आणि तिथे पेन्शनलाही धक्का बसला असता. कारण पेन्शनचा पगार नोकरी सोडण्याआधीच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर धरला जातो. पंचावन्नच्या पुढच्या माणसाने अर्धवेळ घेताना ही १५,००० ची रेषा सांभाळावी असं मी नेहमी सांगतो.

आता ग्रॅच्युइटी. तिचं सूत्र साधं आहे. शेवटचं बेसिक आणि डीए घ्यायचं, २६ ने भागून १५ ने गुणायचं, आणि जितकी वर्षं झाली तितक्यांनी गुणायचं. सगळी मेख "शेवटचं" या एका शब्दात आहे. ११ वर्षं तुम्ही आठ तास काम केलंत हे या सूत्राला दिसतच नाही. त्याला फक्त शेवटच्या महिन्याचा पगार दिसतो.

तुमचंच उदाहरण घेऊ. आज नोकरी सोडलीत तर २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११, म्हणजे १,५२,३०८ रुपये मिळतील. आता समजा तुम्ही तीन वर्षं पाच तासांची ड्यूटी केलीत आणि मग सोडलंत. वर्षं झाली १४, कारण अर्धवेळची वर्षंही पूर्ण वर्षं म्हणूनच मोजली जातात. पण पगार १५,०००. हिशेब येतो १,२१,१५४. म्हणजे तीन वर्षं जास्त राबून ३१,००० रुपये कमी. पगारवाढ झाली तर हे आकडे थोडे सुधारतील, पण दिशा तीच राहते.

हे मी कागदावर पाहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉटेलचं पगारपत्रक माझ्याकडे होतं. तिथे लिननच्या खात्यात १९ वर्षं काम केलेल्या एक बाई होत्या. गुडघ्यांच्या त्रासामुळे शेवटची दोन वर्षं त्यांनी अर्धी ड्यूटी मागून घेतली होती. निवृत्तीच्या वेळी त्यांचा हिशेब मीच काढला. संगणकात शेवटचं बेसिक टाकलं, १९ टाकलं, आकडा आला. तो नेहमीच्या अंदाजाच्या निम्मा होता. मी तीनदा तपासला. सूत्राप्रमाणे तो बरोबर होता, आणि अर्ध्या ड्यूटीच्या वेळचा एकच कागद फाईलमध्ये होता: बाईंच्या हस्ताक्षरातला अर्ज, त्यावर "मंजूर" आणि सही. बाकी काही नाही. व्यवस्थापनाने सूत्राबाहेर जायला नकार दिला. हिशेबाच्या कागदावर सही करताना बाईंनी मला विचारलं, "आधीची सतरा वर्षं कुठे गेली?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून अर्धवेळचा एकही अर्ज मी ग्रॅच्युइटीच्या ओळीशिवाय पुढे जाऊ दिलेला नाही.

कायद्याला ही अडचण सुचलीच नव्हती असं नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कलम ४ च्या चौथ्या पोटकलमात अपंगत्व आल्यानंतर कमी पगारावर काम करणाऱ्यासाठी दोन तुकड्यांचा हिशेब दिला होता. आधीच्या वर्षांना आधीचा पगार, नंतरच्या वर्षांना नंतरचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रचना तशीच आहे. पण ती फक्त अपंगत्वासाठी. घरच्या आजारपणासाठी तास कमी केलेल्या माणसाला ती आपोआप मिळत नाही.

मात्र पुढच्याच पोटकलमात वाट आहे. कर्मचारी आणि मालक यांच्यातल्या करारात ग्रॅच्युइटीच्या जास्त चांगल्या अटी असतील, तर त्यांना कायदा आड येत नाही. म्हणजे जे कायदा आपोआप देत नाही ते तुम्ही करारातून मिळवू शकता. साधे दोन तुकडे केले तर ११ वर्षांचे १,५२,३०८ आणि तीन वर्षांचे २५,९६२, मिळून जवळपास १,७८,२७०. आपोआप मिळणाऱ्या रकमेपेक्षा ५७,००० रुपये जास्त.

पण मी तुम्हाला याहून थोडी वेगळी शब्दरचना सुचवीन. "जुना पगार २४,०००" असा आकडा गोठवू नका, कारण तो पुढच्या पगारवाढींना मुकतो. त्याऐवजी वर्षांना वजन द्या: ११ पूर्ण वर्षं, अधिक तीन गुणिले ५/८, म्हणजे १२.८७५ वर्षं. आणि ती गुणायची सोडतानाच्या पूर्णवेळ दराने. दर २४,०००च राहिला तर उत्तर तेच, १,७८,२७० च्या आसपास. पण तीन वर्षांत तुमच्या जागेचा पूर्णवेळ दर २८,००० झाला असेल, तर वजनाच्या पद्धतीने २,०८,००० च्या जवळ मिळतात आणि गोठवलेल्या पद्धतीने १,८२,६००. पत्रात हे एका वाक्यात मावतं: "ग्रॅच्युइटीसाठी सोडतानाचा पूर्णवेळ समतुल्य पगार आणि तासांच्या प्रमाणात मोजलेली सेवा धरली जाईल, मात्र कायद्याच्या सूत्राने येणारी रक्कम जास्त असल्यास ती दिली जाईल."

शेवटचा तुकडा मुद्दाम आहे. सासूबाईंना बरं वाटलं, तुम्ही पुन्हा आठ तासांवर गेलात आणि मग कधीतरी सोडलंत, तर शेवटचा पगार पूर्णवेळचा असेल आणि कायद्याच्या सूत्राने सगळी वर्षं त्याच दराने मोजली जातील, अर्धवेळची तीनही. तेव्हा कंपनीला वजनाचं सूत्र पुढे करून ते कमी करता येणार नाही. यासाठीच "पुन्हा पूर्णवेळ होण्याचा हक्क राहील" हेही लिहून घ्या, आणि शक्य असेल तर नोकरी सोडण्याआधी काही काळ पूर्णवेळ परता.

एचआर थोडं बिचकेल, आणि त्यामागे खरं कारण असू शकतं. बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीचा निधी विमा कंपनीकडे ठेवतात, आणि तो निधी आपल्या नियमांप्रमाणेच पैसे देतो. वरचे ५७,००० कंपनीला आपल्या खिशातून द्यावे लागतील, किंवा निधीचे नियम बदलावे लागतील. शिवाय कायद्याच्या सूत्रापेक्षा जी रक्कम जास्त येईल तिच्यावर तुम्हाला प्राप्तिकर लागू शकतो. तरीही हे मागण्यासारखं आहे, आणि मागण्याची वेळ आत्ताच आहे. कंपनीलाही तुमच्याकडून एक कागद हवा आहे: तास कमी करण्याची विनंती तुमची, असं सांगणारा. मालकाने आपणहून काम कमी दिलं तर किमान वेतनाच्या नियमाने पूर्ण दिवसाचं वेतन द्यावं लागू शकतं, म्हणून त्यांना तुमचा अर्ज फाईलमध्ये लागतोच. त्याच अर्जात तुमच्या अटी घाला आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "बघू" वर १ तारीख उजाडू देऊ नका.

कुणी सुचवेल, "आज राजीनामा द्या, १,५२,३०८ घ्या, उद्यापासून अर्धवेळ म्हणून नवीन रुजू व्हा." रक्कम हातात येते हे खरं. पण सेवा तुटते आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. तीन वर्षांनी सोडलंत तर त्या तीन वर्षांचे शून्य. शिवाय कंपनीत माणसं कमी करायची वेळ आली तर सर्वांत नवीन तुम्हीच. तुमच्या जागी मी असतो तर करारासाठी शेवटपर्यंत प्रयत्न केला असता, आणि कंपनी एक ओळही लिहायला तयार नसेल तरच या वाटेचा विचार केला असता.

रोजचे तास कमी करण्याऐवजी आठवड्याचे दिवस कमी करा असं कुणी म्हटलं, तर जपून. तीन दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे १५६ दिवस होतात. सलग सेवेवर वाद निघाला तर वर्षात २४० दिवस भरले का, पाच दिवसांच्या आठवड्याची कंपनी असेल तर १९० भरले का, हे पाहिलं जातं. तुमच्या ९ ते २ च्या मांडणीत तो प्रश्नच येत नाही.

हे वाचणाऱ्या एखादीला दिवस गेले असतील आणि ती बाळंतपणाआधी तास कमी करायच्या विचारात असेल, तर तिने आणखी एक बघावं. प्रसूती रजेचा पगार रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढतात. ते तीन महिने अर्धवेळ गेले, तर २६ आठवड्यांचा पगार अर्धवेळचा होतो.

आता या बदलातून तुम्हाला मिळणाऱ्या गोष्टी, ज्या एचआर बहुधा स्वतःहून सांगणार नाही. बेसिक आणि डीए २१,००० च्या खाली आल्यावर तुम्ही बोनसच्या कक्षेत येता. आतापर्यंत २४,००० मुळे तुम्ही बाहेर होता. चवथीच्या आधी कारखान्यात बोनस वाटला जातो, तेव्हा यादीत आपलं नाव आहे का ते बघा.

दुसरी गोष्ट ईएसआय. तिची मर्यादाही २१,००० आहे आणि तुमचा नवा पगार कसाही मोजला तरी तिच्या आत आहे. तुमच्याकडून ०.७५ टक्के कापले जातील, म्हणजे पगारात काय काय धरतात त्याप्रमाणे महिन्याला एकशे दहा ते एकशे पंचावन्न रुपये, आणि कंपनी ३.२५ टक्के भरेल. या ३.२५ टक्क्यांमुळे काही कंपन्या नोंदणीला टाळाटाळ करतात, म्हणून पहिल्याच महिन्यात आपला विमा क्रमांक मागा. कंपनीचा गट मेडिक्लेम असेल तर त्यातल्या "कर्मचारी" या शब्दाची व्याख्याही वाचायला मागा. काही पॉलिसींत तिथे "पूर्णवेळ" लिहिलेलं असतं आणि अर्धवेळ होताच नाव गळतं.

आणि ईएसआयचा फॉर्म भरताना कुटुंबाच्या रकान्यात सासूबाईंचं नाव घालायला विसरू नका. नव्या संहितेतल्या कुटुंबाच्या व्याख्येत स्त्री कर्मचाऱ्याचे अवलंबून असलेले सासू-सासरे धरले आहेत, त्यांचं उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर. त्यांचं आधार कार्ड आणि पेन्शन येत असेल तर तिचं पासबुक सोबत न्या. मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात त्यांना न्यायची वेळ आली, तर त्या कार्डावर त्यांचं नाव असायला हवं.